एलआरयूचे फॉल्ट जास्त आले म्हणून उत्तर खोडू नका

"फिफोपेक्षा एलआरयूचे फॉल्ट नेहमी कमीच येतात, जास्त आले तर ट्रेस चुकला समजा आणि पुन्हा करा. फ्रेम वाढवल्या की फॉल्ट घटलेच पाहिजेत. आणि सुरुवातीला रिकाम्या फ्रेम भरतात ते फॉल्ट मोजायचे नाहीत."

ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरच्या तोंडावर नागपुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये, हिंगणा रस्त्यावरील वसतिगृहांपासून सीताबर्डीच्या अभ्यासिकांपर्यंत, हा मजकूर हातोहात फिरतो. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि ती तपासायला एकच रेफरन्स स्ट्रिंग पुरेशी आहे:

१ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५

पहिल्या विधानासाठी तीन रिकाम्या फ्रेम घेऊ. पहिल्या सात संदर्भांपर्यंत दोन्ही पद्धती अगदी सारख्या चालतात: प्रत्येक संदर्भाला फॉल्ट होतो आणि सातव्यानंतर दोघींच्याही फ्रेममध्ये १, २ आणि ५ ही पेजेस असतात. आठवा आणि नववा संदर्भ, म्हणजे १ आणि २, हे हिट आहेत. फरक पडतो तो इथे. फिफोमध्ये हिटमुळे रांग बदलत नाही, त्यामुळे सर्वांत आधी आलेले पेज अजूनही १ हेच राहते. एलआरयूमध्ये मात्र १ आणि २ नुकतीच वापरली गेल्यामुळे सर्वांत जुना वापर ५ चा ठरतो. दहाव्या संदर्भाला ३ हवे असते, तेव्हा फिफो १ काढते आणि एलआरयू ५ काढते. अकराव्याला ४ साठी फिफो २ काढते, एलआरयू १ काढते. शेवटी ५ मागितले जाते; फिफोकडे ते शिल्लक असते, एलआरयूकडे नसते. म्हणून फिफोचे फॉल्ट ९ आणि एलआरयूचे १० होतात, आणि हे दोन्ही आकडे बरोबर आहेत.

एलआरयूचा आधार हा अंदाज आहे की नुकतेच वापरलेले पेज लवकरच पुन्हा लागेल. खऱ्या प्रोग्राममध्ये तो बहुधा खरा ठरतो, म्हणूनच तिची ख्याती आहे. पण परीक्षेतील बारा आकड्यांच्या स्ट्रिंगवर तसे बंधन नसते. इथे १ आणि २ नुकतीच वापरली गेली, तरी पुढे ती पुन्हा लागतच नाहीत. फिफोचे उत्तरही १० आले असेल, तर दहाव्या संदर्भाला आपण कोणते पेज काढले ते पाहावे. तिथे ५ गेले असेल, तर हिट झाल्यावर पेज रांगेच्या शेवटी नेण्याची चूक झाली आहे, म्हणजे फिफोच्या नावाखाली एलआरयूच सोडवली गेली आहे.

आता याच स्ट्रिंगला चार फ्रेम द्या. फिफोचे फॉल्ट ९ वरून १० वर जातात. बेलाडी, नेल्सन आणि शेडलर यांनी १९६९ मध्ये ही विसंगती मांडली आणि ती बेलाडीच्या नावाने ओळखली जाते. तिचे कारण सातव्या संदर्भानंतर स्पष्ट दिसते: तीन फ्रेम असताना आत १, २, ५ असतात, तर चार फ्रेम असताना २, ३, ४, ५ असतात. मोठ्या मेमरीत १ नाही आणि नेमके तेच पुढे मागितले जाते. एलआरयूमध्ये असे कधीच होत नाही, कारण तीन फ्रेममधील पेजेस त्याच क्षणी चार फ्रेममध्येही असतातच. तिथे चार फ्रेमचे फॉल्ट ८ येतात. त्यामुळे दुसरे विधान एलआरयूपुरते सुधारायचे झाले, तरी फॉल्ट वाढत नाहीत एवढेच म्हणता येते. ते घटलेच पाहिजेत असे नाही.

तिसऱ्या विधानाने सर्वाधिक नुकसान होते. डिमांड पेजिंगमध्ये मेमरीत नसलेले पेज मागितले की फॉल्ट होतो. फ्रेम रिकामी होती की कोणाला काढावे लागले, याने फक्त पुढचे काम बदलते. पेजेस आधीच भरलेली आहेत असे प्रश्नात लिहिले असेल तरच मोजणी वेगळी. हे फॉल्ट वगळले, तर वरील फिफोचे आकडे तीन फ्रेमला ६ आणि चार फ्रेमलाही ६ होतात, म्हणजे जी विसंगती दाखवण्यासाठी प्रश्न विचारला जातो तीच उत्तरातून नाहीशी होते.

उत्तर तपासायचेच असेल, तर दोन आधार पक्के आहेत. सुरुवातीला सर्व फ्रेम रिकाम्या असतील, तर फॉल्ट स्ट्रिंगमधील वेगवेगळ्या पेजेसच्या संख्येपेक्षा, इथे ५ पेक्षा, कमी येऊ शकत नाहीत. आणि एलआरयूच्या दोन ट्रेसमध्ये कोणत्याही पायरीला लहान मेमरीतील पेज मोठ्या मेमरीत सापडले नाही, तर चूक त्या पायरीवर किंवा तिच्या आधी झालेली आहे.