मेनूतलं बटण दाबा, नव्वद एफपीएस मिळवा

परवा जळगावातल्या एका दुकानात ग्राफिक्स कार्ड कसं चालतं ते विचारलं, तर दुकानदारानं सायबरपंक २०७७ या गेमच्या मेनूतला बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची तयार चाचणी, लावली. ९० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम, आले. ‘बघा भाऊ, मख्खन!’ म्हणत त्यानं बिलबुक उघडलं. ही विद्या ज्यांना शिकायची आहे त्यांच्यासाठी चार सल्ले.

पहिला सल्ला असा की खेळू नका, नुसतं बघा. बेंचमार्कमधला कॅमेरा ठरलेल्या वाटेनं साधारण मिनिटभर फिरतो. तो स्वतःहून कुठं वळत नाही, गाडी दामटत नाही. खेळताना प्रोसेसरला माणसांची चाल, रहदारी आणि पुढच्या चौकाचा माल डिस्कवरून उचलणं हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. बेंचमार्कमध्ये तो भार हलका असतो, म्हणून कार्ड समजा ९८ टक्के वापरात दिसतं. खेळताना भर गर्दीत तेच कार्ड ७० टक्क्यांवरही येऊ शकतं, कारण ते प्रोसेसरची वाट बघत बसलेलं असतं. पण पडद्यावर हे आकडे दाखवणारा ओव्हरले बंद ठेवा, म्हणजे दिसणारच नाही.

दुसरा सल्ला: फ्रेम जनरेशन, म्हणजे खऱ्या फ्रेममध्ये बनवलेल्या फ्रेम घुसडणं, चालू ठेवा. वांगी तेवढीच, भरीत मात्र पंगतीला पुरतं.

तिसरा: स्वतःचा सीन निवडायचाच असेल तर शहराबाहेरचं बॅडलँड्स घ्या. तिथं गर्दीच नाही, आकडा कसा छान येतो.

चौथा सल्ला सगळ्यात लाडका. शहरातून गाडी पळवा आणि दर फेरीला वाट बदला. एकदा टेम्पोला धडका, एकदा पादचारी उडवा म्हणजे पोलीस मागं लागतील, एका फेरीत पाऊसही पडू द्या. समजा तीन फेऱ्यांत ५४, ६३ आणि ७१ आले. सरासरी ६३ लिहा. नव्या कार्डावर ६६ आले की ‘पाच टक्के फायदा’ म्हणून जाहीर करा. अहो, एकाच कार्डाच्या फेऱ्यांमध्ये १७ एफपीएसचा फरक पडतोय, मग त्यात तीनाचा फायदा कुठून दिसला? तो कार्डाचा नाही, टेम्पोचा आहे! वर असं मोजणारे महाशय जुन्या कार्डाची फेरी मे महिन्यात भर दुपारी बंद खोलीत घेतात, नव्याची रात्री एसी लावून. गरम झालेलं कार्ड स्वतःचा वेग उतरवतं, हे जळगावात राहून कळत नसेल तर कुठं कळणार?

बस झालं. आता सरळ सांगतो.

गेममधल्या जपानटाऊनच्या जिग-जिग स्ट्रीटला जा, तिथं रात्री माणसांची दाटी असते. `Crowd Density` हाय करा. व्हीसिंक, फ्रेम लिमिट आणि फ्रेम जनरेशन बंद करा. गेममधली वेळ रात्रीची करून गल्लीच्या तोंडाशी, सरळ समोर बघत, मॅन्युअल सेव्ह करा. समोर लांबवरची एखादी पाटी नेम म्हणून धरा. माउसला हात न लावता नुसतं W दाबून तिथपर्यंत जाता आलं पाहिजे. वाटेत कुणी आडवं येऊन अडलात तर ती फेरी बाद, पाऊस आला तरी बाद.

सेव्ह लोड केल्यावर अर्धा मिनिट थांबा, कारण माणसं आणि टेक्श्चर भरत असतात. मग कॅपफ्रेमएक्स या फ्रेम मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठरलेल्या सेकंदांचं रेकॉर्डिंग सुरू करून चाला. सीन पहिल्यांदा डिस्कवरून येत असल्यानं पहिली फेरी टाकून द्या. पुढच्या तीन ठेवा आणि प्रत्येक वेळी सेव्ह नव्यानं लोड करा. चालतच मागं येऊन पुन्हा सुरुवात केलीत तर गर्दी वेगळी आणि बराच माल आधीच मेमरीत असतो. फोटो मोड लावून उभं राहून मोजू नका, तिथं गर्दीच गोठते आणि प्रोसेसर निवांत होतो.

तिन्ही सरासऱ्या एकमेकींच्या तीनेक टक्क्यांत असतील तर सीन कामाचा. नसतील तर वाट आखूड करा किंवा जागा बदला. गर्दी दर वेळी अगदी तीच येत नाही, म्हणून एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग, सरासरीपेक्षा जास्त हलतो. तिथला थोडासा फरक जिंकण्या-हरण्याचा धरू नका. आणि गेमची आवृत्ती लिहून ठेवा. २०२३ मध्ये २.० अपडेट आलं तेव्हा प्रोसेसरवरचा भारच बदलला, त्याआधीचे आकडे नंतरच्यांशेजारी ठेवून उपयोग नाही.

दुकानदार म्हणेल, ‘एवढा वेळ कुठं आहे?’ सेव्ह पेनड्राइव्हवर न्या, ती इथं असते:

```
%USERPROFILE%\Saved Games\CD Projekt Red\Cyberpunk 2077
```

त्या जागचं सेव्हचं फोल्डर त्याच्या पीसीवर त्याच जागी टाका. त्याच्याकडची आवृत्ती तुमच्यापेक्षा जुनी नको, आणि त्याच्याकडे गेमची फँटम लिबर्टी ही पुरवणी नसेल तर ती घातलेल्या गेममधली सेव्ह नेऊ नका. चार फेऱ्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढंही तो करू देत नसेल, तर त्याचं कार्ड त्याच्याच कपाटात राहू द्या.