दुधाची वही लिहिणाऱ्यांनो, आकडे तरी नीट लिहा

महिना संपला आणि डेअरीची वही परत माझ्यापुढे येऊन पडली. "बेरजाच तर मारायच्यात, कॉम्प्युटर करतोय की सगळं," एवढं बोलून चेअरमन निघून गेले. हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं माझं. बेरजा कॉम्प्युटर करतो, मान्य आहे. पण वहीत नेमकं काय लिहिलंय ते कॉम्प्युटरला कोण सांगणार? ते मलाच सांगायचं असतं, आणि ते वाचता येऊ नये याची पुरेपूर तजवीज वही लिहिणाऱ्यांनी करून ठेवलेली असते.

वही साधीच आहे. सकाळचं पान वेगळं, संध्याकाळचं वेगळं. प्रत्येक ओळीत खाते नंबर, लिटर, फॅट, दर आणि रक्कम. गाईच्या वहीत एसएनएफचा एक रकाना जास्त असतो, पण तिचं रडगाणं नंतर कधीतरी. मी आत्ता म्हशीच्या वहीवर बसलोय. आमच्याकडे सध्या ६.० फॅटला ५१ रुपये आणि त्याच्या वर प्रत्येक पॉइंटला ७० पैसे असा दर चाललाय. पॉइंट म्हणजे फॅटचा दहावा भाग, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग दरपत्रक समोर भिंतीवर चिकटवलेलं असताना दराचा रकाना नीट भरायला काय जातं?

पहिली गोष्ट आकड्यांची. सकाळी सचिव लिहितात, ते मराठी आकडे काढतात. संध्याकाळी त्यांचा पोरगा बसतो, तो इंग्रजी काढतो. इथपर्यंतही चाललं असतं. पण घाईत तो दोन्ही एकाच ओळीत मिसळतो. मराठी चार वरून जरा जुळला की इंग्रजी 8 दिसतो. मराठी एक आणि इंग्रजी 9 यांच्यात तर फरकच उरत नाही. त्यात पॉइंटचं टिंब कधी असतं, कधी नसतं, आणि कधी ते टिंब आहे की टेस्टिंगच्या ॲसिडचा थेंब उडालाय तेच कळत नाही. ज्या टेबलावर ॲसिडची बाटली उघडी ठेवून टेस्ट काढता, त्याच टेबलावर वही उघडून ठेवू नका, हे कितीदा सांगायचं? बारा तारखेच्या पानाला तर सरळ भोक पडलंय.

खाते नंबर ४७ ची ओळ घ्या. त्याच बारा तारखेची संध्याकाळ, ४.५ लिटर, आणि फॅट ६.४ आहे की ६.८ ते देव जाणे. अशा वेळी दराचा रकाना कामाला येतो. ६.४ असेल तर दर ५३.८० हवा आणि ६.८ असेल तर ५६.६०. एक आकडा पुसट झाला तरी दुसरा त्याची साक्ष देतो, वहीत दर लिहायचा तो त्यासाठीच. मी दराच्या रकान्यात बघितलं, तर तिथे दोन टिंबं. वरच्याप्रमाणे! अरे, वरची ओळ खाते ४६ ची आहे. त्याची म्हैस वेगळी, दूध वेगळं, फॅट ६.२, दर ५२.४०. त्याच्याप्रमाणे ४७ चा दर कसा असेल? तारीख वरच्याप्रमाणे असू शकते, दर कसा काय असतो? आणि रकमेचा रकाना? कोरा. "ते नंतर भरू" म्हणून सोडलेला, आणि ते नंतर कधीच येत नाही.

या एका ओळीचा फरक १२ रुपये ६० पैसे. "एवढ्याशासाठी काय डोकं लावता" असं मला तोंडावर सांगितलं गेलं. १२.६० एका ओळीचे आहेत. खात्याच्या महिन्यात साठ ओळी असतात, आणि अशा वाचता न येणाऱ्या ओळी दर पानावर दोन-चार तरी निघतात. ४७ नंबरच्या मावशी आपलं दुधाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात. त्यांच्या कार्डावर त्या संध्याकाळी स्वच्छ ६.८ आहे. त्याच पोराने, त्याच पेनाने, त्याच मिनिटाला लिहिलेलं. म्हणजे नीट लिहिता येतं! कार्ड शेतकऱ्याच्या हातात जातं म्हणून तिथे अक्षर वळणदार, आणि जिच्यावरून पैसे निघणार त्या वहीत मात्र कोंबडीचे पाय. मी ६.८ धरला. पण सगळ्यांची कार्डं कुठे मिळतात? निम्म्यांची भिजलेली, काहींची हरवलेली, आणि काहीजण रोज आणतच नाहीत.

लिटरचीही तीच कथा. सचिव ४.५० लिहितात, म्हणजे साडेचार लिटर. पोरगा मध्ये आडवी रेघ मारून ४-५० लिहितो, आणि विचारलं तर म्हणतो चार लिटर पन्नास मिली. मग पुढच्याच पानावर ४-५ आहे, ते काय? त्याचं त्यालाच आठवत नाही. मी पानाची बेरीज दूध संघाच्या पावतीशी ताडून बघतो. पावतीवर किलो असतात, आणि दूध लिटरला साधारण १.०३ किलो भरतं. म्हणजे पावतीवर २०६ किलो असेल तर पानावर २०० लिटरच्या आसपास यायला हवं. आठ-दहा लिटरचा घोळ यातून लगेच सापडतो. पण नमुन्यात, मापात, सांडण्यात अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतंच, त्यामुळे एका ओळीतले ४५० मिली खरे की खोटे ते या ताळ्यातून कधीच कळत नाही. ते लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि तो विसरलेला.

आता ज्याने माझा सगळ्यात जास्त संताप होतो ते सांगतो. एवढा वेळ लागतोय बघून कमिटीतल्या एकाने तोडगा काढला. "एकेक ओळ कशाला मारत बसतोस? महिन्याचं लिटर कर, फॅटची सरासरी काढ, त्या फॅटचा दर लाव, झालं काम." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! वर्षानुवर्षं दूध घालणारी माणसं ही.

असं करता येत नाही. का येत नाही ते एका दिवसावर दाखवतो. एका खात्याचं सकाळी ६ लिटर दूध, फॅट ६.२, दर ५२.४०. रक्कम ३१४.४०. त्याच खात्याचं संध्याकाळी ४ लिटर, फॅट ७.४, दर ६०.८०. रक्कम २४३.२०. दिवसाचे झाले ५५७.६०. आता तुमची सरासरी लावा. ६.२ आणि ७.४ ची सरासरी ६.८, दर ५६.६०, दूध १० लिटर, रक्कम ५६६. एका दिवसात ८ रुपये ४० पैसे जास्त. तीस दिवस असंच चाललं तर एका खात्यावर २५२ रुपये. कारण उघड आहे. सकाळच्या धारेला रात्रीचं मोठं अंतर असतं, दूध जास्त उतरतं आणि फॅट कमी लागतं. संध्याकाळी दूध कमी, फॅट जास्त. तुमच्या सरासरीत संध्याकाळच्या चार लिटरला सकाळच्या सहा लिटरएवढाच मान मिळतो. सरासरी काढायचीच तर लिटरने गुणून काढायला पाहिजे, ती येते ६.६८. पण प्रत्येक ओळ लिटरने गुणायचीच असेल, तर मग सरळ दरानेच का नको गुणायला?

हे जास्तीचे पैसे येणार कुठून? संघाकडून एक रुपया जास्त येत नाही. शंभर खात्यांवर असं केलं की संस्थेच्या हिशेबात खड्डा पडतो, आणि तो बोनसमधून भरला जातो. वर एखाद्याचं उलटं असतं. ज्याची ताजी व्यालेली म्हैस आटत चाललेल्या म्हशीच्या जागी महिन्याच्या मध्यात आली, त्याचे निम्मे दिवस थोडं दूध, निम्मे दिवस भरपूर. दुधाबरोबर फॅटही वर गेला असेल तर त्याला सरासरीने कमी मिळतात. त्याने काय घोडं मारलंय तुमचं?

म्हणून मी कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये ओळीनओळ भरतो. ए तारीख, बी वेळ, सी खाते, डी लिटर, ई फॅट, एफ वहीतला दर, जी रक्कम, आणि एच रकान्यात तपासणी. सूत्रं एवढीच आहेत:

```
G2: =ROUND(D2*F2,2)
H2: =IF(ABS(F2-(51+(E2-6)*7))<0.01,"","तपासा")
```

शेवटी खात्याची बेरीज:

```
=SUMIFS(G:G,C:C,47)
```

एच रकाना ६.० आणि त्यावरच्या फॅटलाच चालतो, खालच्या फॅटला कपातीचा हिशेब वेगळा लागतो. पण म्हशीच्या वहीतल्या बहुतेक ओळी तो पकडतो. फॅट एक आणि दर भलत्याच फॅटचा, अशी ओळ असली की "तपासा" उभं राहतं. या महिन्यात तो रकाना इतक्यांदा पेटला की मला वही भिरकावून द्यावीशी वाटली. बरं, महिन्याच्या मधेच दर बदलला की ५१ चा आकडा त्या तारखेपासून बदलावा लागतो. ती तारीख वहीत कुठेच लिहिलेली नसते. फोन करून विचारावी लागते, आणि दोघं दोन तारखा सांगतात.

कपातीबद्दल तर बोलायलाच नको. पेंडीची पोती वहीच्या मागच्या पानावर, खाते नंबर न टाकता. "तात्या, १ पोतं." गावात तात्या किती आहेत? कुणाच्या पगारातून कापू?

पुढच्या महिन्यापासून माझं म्हणणं ऐका, नाहीतर वही दुसऱ्याला द्या. आकडे एकाच पद्धतीचे, सगळे इंग्रजी नाहीतर सगळे मराठी. लिटरला टिंब, आडवी रेघ नाही. दराच्या रकान्यात दर, वरच्याप्रमाणे नाही. चुकलं तर त्याच्यावर गिरवायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही. पेंडीपुढे खाते नंबर. आणि रकमेचा रकाना त्याच वेळी भरायचा, शेतकरी कॅन घेऊन समोर उभा असताना. तेवढा वेळ लागला तर लागू द्या. मागे रांग वाढते म्हणून ओरडणाऱ्यांना सांगा की हा त्यांच्याच पैशाचा हिशेब चाललाय.