'आय बॉट कार' आणि भावोजींचा 'अ'

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने गाडी घेतली. सेकंडहँड, पण स्वतःच्या पैशांची. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, शेजारी हसणारा भाचा असा फोटो घरच्या ग्रुपवर आला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'आय बॉट कार'. अभिनंदनाचे हार-फुगे सुरू व्हायच्या आत आमच्या भावोजींचा मेसेज पडला: 'अ कार.' बस्स, एवढाच. पुढे हात जोडलेला.

मग जे व्हायचं तेच झालं. एक पार्टी म्हणाली, अर्थ कळला ना, मग झालं. दुसरी म्हणाली, चूक ती चूक. आणि मी तीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलेलं असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. ग्रुपवर दोन ओळींत उरकला, पण मनातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

तर हो, व्याकरण मोडतं. प्रमाण इंग्रजीत 'आय बॉट कार' हे वाक्य चूकच आहे. पण भावोजींनी दिलेलं कारण ('गाडी एक आहे, म्हणून अ') अर्धवट आहे, आणि वर्गात मुलं गोंधळतात ती नेमकी या अर्धवट कारणामुळे.

करून बघा. 'आय बॉट हर कार', 'आय बॉट धिस कार', 'आय बॉट वन कार'. एकातही आर्टिकल नाही, तरी तिन्ही वाक्यं सरळ उभी राहतात. म्हणजे तक्रार आर्टिकल नसल्याची नाहीच. मोजता येणाऱ्या वस्तूचं एकवचनी नाम आलं की इंग्रजी त्याच्या पुढ्यात एक पाट मांडते. त्यावर 'अ' बसो, 'द' बसो, 'माय' बसो, 'दॅट' बसो, पण पाट रिकामा चालत नाही. आणि दोघांना बसायलाही जागा नाही. म्हणून 'माय दॅट कार' हेही चूक. आपण मराठीत 'माझी ती गाडी' बिनदिक्कत म्हणतो, आमची मुलं तेच उचलून इंग्रजीत ठेवतात आणि लाल शाईचा गोल खातात. रिकामा पाट आणि पाटावर दोघं, या दोन चुका एकाच घरातल्या आहेत. मी शिकवायला लागल्यावर हे मला कळायला आठ-दहा वर्षं लागली, तोवर मीही 'एक आहे म्हणून अ'च सांगत होते.

आता पाट रिकामा राहिला की इंग्रजी कानाला काय ऐकू येतं? मटणाच्या दुकानाचं उदाहरण घ्या. 'आय बॉट चिकन' म्हटलं की पिशवीत अर्धा किलो मांस असतं. 'आय बॉट अ चिकन' म्हटलं की अख्खी कोंबडी, कदाचित पाय बांधून ओरडणारी. मोकळं एकवचनी नाम म्हणजे दूध, तांदूळ, वाळू यांच्या पंक्तीतली चीज, मापाने घ्यायची. म्हणून 'आय बॉट कार' ऐकताना इंग्रजाचा कान क्षणभर अडखळतो. गाडी पावशेर घेतली की दोन किलो? अर्थ लगेच सावरून घेतो तो, पण अडखळतो.

'बाय कार' चालतं मग ते कसं, असा प्रश्न दरवर्षी एखादा हुशार मुलगा विचारतोच. चालतं, कारण तिथे कुठलीच विशिष्ट गाडी डोळ्यासमोर नाही, फक्त प्रवासाची पद्धत आहे. आपण 'गाडीने आलो' म्हणतो तसं. त्यानंतर 'ती लाल आहे' असं जोडून बघा, कशी लाल आहे, कोण लाल आहे, काही बसत नाही. 'गो टू स्कूल', 'इन बेड' हीही अशीच ठरलेली बिऱ्हाडं. वर्तमानपत्राचे मथळे तर जागा वाचवायला सगळेच पाट उचलून ठेवतात, त्यांचा कायदा वेगळा. सिंगापूरच्या घरगुती इंग्रजीतही असं मोकळं नाम सर्रास चालतं, आणि तिथल्या बोलीच्या हिशेबाने ती चूक नव्हेच. भावोजी तिथे गेले तर थकतील.

'अर्थ कळला ना' या पार्टीकडे येते. त्यांचं म्हणणं खरं आहे, अर्थ कळतो. पण समजा एखादा परदेशी पाहुणा हौसेने मराठी शिकलाय आणि तुम्हाला म्हणाला, 'मी गाडी घेतला'. कळलं? शंभर टक्के कळलं. गैरसमजाला तसूभर वाव नाही. तरी तुमच्या कानात खडा लागला की नाही? 'घेतली'मधल्या त्या 'ली'ने अर्थात काय भर पडते, सांगा. गाडी काही बाई नाही. पण मराठीने ठरवलंय, इंग्रजीने पाट ठरवलाय. अर्थ पोचणं आणि व्याकरण शाबूत असणं ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

याचा उलटा नमुना माझा फार आवडता आहे. जुलै १९६९, नील आर्मस्ट्राँग चंद्रावर पाय ठेवतात आणि म्हणतात की हे माणसाचं एक छोटं पाऊल आहे आणि मानवजातीची मोठी झेप. त्यांना म्हणायचं होतं 'फॉर अ मॅन', एका माणसासाठी. जगाला ऐकू आलं 'फॉर मॅन'. आता गंमत बघा. व्याकरण इथे अजिबात मोडत नाही, कारण 'मॅन' हा शब्द मोकळा आला की इंग्रजीत त्याचा अर्थ 'मानवजात' होतो. मोडला तो अर्थ. वाक्य झालं, मानवजातीचं छोटं पाऊल, मानवजातीची मोठी झेप! ते नंतर सांगत राहिले की म्हणायचं 'अ मॅन'च होतं. ध्वनिमुद्रणात तो 'अ' आहे की खरखरीत बुडाला यावर लोकांनी वर्षानुवर्षं कान लावले. भाच्याच्या वाक्यात व्याकरण गेलं आणि अर्थ राहिला, चंद्रावर अर्थ गेला आणि व्याकरण राहिलं.

आपल्याला हे जड का जातं, तर मराठीला आर्टिकल नाही म्हणून, एवढं सगळे सांगतात. पण मराठी हा भेद करतच नाही असं मात्र नाही, ती दुसरीकडे करते. 'मुलगी बघायला गेलो' आणि 'मुलीला बघायला गेलो' यांतला फरक कुणाला शिकवावा लागतो का? पहिल्यात कांदेपोहे आहेत, दुसऱ्यात आपल्या ओळखीची कुणीतरी मुलगी आहे, बहुधा दवाखान्यात. सगळं काम त्या 'ला'ने केलं. आणि 'मी एक गाडी घेतली' म्हणालात तर ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघतो, कारण आपला 'एक' हा 'एक होता राजा'मधला 'एक' आहे. म्हणून मराठी डोक्याला 'अ' लावताना उगीच काहीतरी जास्तीचं बोलतोय असं वाटतं. आळस नाही तो, सवय आहे.

परीक्षेत मी त्याचा अर्धा मार्क कापला असता. नोकरीच्या अर्जात दुरुस्त करून दिलं असतं. हार घातलेल्या गाडीच्या फोटोखाली मात्र, भावोजी, आधी पेढा मागायचा असतो.

काल भाचा गाडी दाखवायला घरी आला. मी सगळं समजावलं, पाटबिट. शांतपणे ऐकलं त्याने. मग म्हणाला, "आत्या, 'अ' घातला असता तर अ‍ॅव्हरेज वाढला असता का गं?"