जेवू शकतात ना!

१८ हजारांचा टॉर्क रेंच मागितला होता. अर्ज परत आला. कोपऱ्यात हिरव्या शाईत शेरा : ‘युनिट तोट्यात आहे. सध्या नको.’ गेल्या आठवड्यातली गोष्ट, पण अजून घशाखाली उतरलेली नाही.

मी मेकॅनिकलवाला. कॉम्प्रेसर उघडायचा, बेअरिंग बदलायचं, परत बसवायचा, यात उमेदीची वर्षं गेली. एप्रिलमध्ये वरच्यांनी सर्व्हिस आणि स्पेअर्सचं युनिट माझ्या गळ्यात घातलं आणि कार्डावर ‘बिझनेस हेड’ छापून दिलं. कार्डाबरोबर पी अँड एल नावाचा नफातोट्याचा कागद दर महिन्याला येणार, हे मात्र कुणी बोललं नाही.

एप्रिल ते जून या तिमाहीचा कागद समोर आला. वरचा अर्धा भाग समजायला सोपा निघाला. विक्री ४ कोटी २० लाख. आमची बिलं ४ कोटी ९६ लाखांच्या आसपास फाडलेली, पण वरचा जीएसटी सरकारचा, आपण नुसते हमाल. त्यामुळे तो विक्रीत धरत नाहीत. त्यातून सुट्या भागांची किंमत २ कोटी ५२ लाख वजा. उरले १ कोटी ६८ लाख. मग आमचेच म्हणता येतील असे खर्च, म्हणजे इंजिनिअरांचे पगार, प्रवास, भोसरीच्या वर्कशॉपचं भाडं, मिळून १ कोटी १० लाख. उरले ५८ लाख. याला आमच्याकडे कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात. इथवर मी खुर्चीत जरा रेलून बसलो होतो.

त्याखाली एकच ओळ होती : ‘कॉर्पोरेट ओव्हरहेड, ७२ लाख.’ आणि तळाला कंसात १४ लाख. हिशेबात कंस म्हणजे वजा. वाईट बातमी इतक्या सभ्यपणे सांगण्याची ही पद्धत ज्याने काढली, त्याला माझा नमस्कार.

हे ७२ लाख कसले ते विचारायला मी बाणेरच्या हेड ऑफिसात गेलो. तिथे कॉस्टिंगचे काका बसतात. निवृत्तीला आलेले, टेबलावर स्टीलची फूटपट्टी. कुठलाही कागद वाचताना ते ती पट्टी ओळीखाली ठेवतात आणि सावकाश खाली सरकवतात. तुमची नजर पुढे धावू नये म्हणून. माझी धावलीच, तर त्यांनी पट्टी वर ओढून धरली. ‘साहेब, घाई नको.’

‘काका, हे ७२ लाख आले कुठून?’

‘हेड ऑफिसचा तिमाहीचा खर्च २ कोटी ४० लाख. तो डिव्हिजनांत वाटायचा. वाटायचा हेडकाउंटवर. कंपनीत कायम माणसं १२०, तुमची ३६. म्हणजे ३० टक्के. २ कोटी ४० लाखांचे ३० टक्के, ७२ लाख. चूक असेल तर दाखवा.’

चूक नव्हती, हाच तर वैताग. ‘पण यात काय काय आहे?’

पट्टी सरकली. ‘एचआर, आयटी, ऑडिट फी, चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर, कॅन्टीन…’

‘थांबा. कॅन्टीन? काका, माझी पोरं नगर रोडला, कुरकुंभला, जेजुरीला साइटवर असतात. धाब्यावर जेवतात. त्यातल्या कुणी हे कॅन्टीन पाहिलेलंसुद्धा नाही.’

‘पाहिलं नसेल. पण जेवू शकतात ना?’

‘शकतात म्हणजे?’

‘आले तर आपण त्यांना नाही म्हणणार आहोत का? सोय आहे. सोयीचा चार्ज आहे.’

‘आणि धाब्याचं बिल?’

‘ते तुमच्या प्रवासखर्चात.’ पट्टी चपळाईने वर गेली. ‘हे काय, १ कोटी १० लाखांत धरलंय. बरोबर आहे.’

म्हणजे माझा माणूस कुरकुंभला मिसळ खातो त्याचे पैसे मी देतो, आणि बाणेरमध्ये जी थाळी तो खात नाही तिचेही मीच देतो. हे ऐकताना समोरचा माणूस मात्र शांतपणे डब्यातले भिजवलेले हरभरे चावत होता. कॅन्टीनचं जेवण त्यांना सोसत नाही म्हणे.

मग मी मशीन डिव्हिजनचा विषय काढला. तिथे शॉपफ्लोअरवर माणसं मावत नाहीत, पण बहुतेक ठेकेदाराची. ‘ती मोजत नाही,’ काका म्हणाले, ‘ती आपल्या पगारपत्रकावर नाहीत.’ ती याच कॅन्टीनमध्ये दोन पाळ्यांत जेवतात, हे मी सांगितलं. काका म्हणाले, ‘जेवत असतील. पण हेडकाउंटमध्ये नाहीत.’ मोजलेले जेवत नाहीत आणि जेवणारे मोजलेले नाहीत. यावर काय बोलणार?

‘विक्रीच्या प्रमाणात वाटलं असतं तर?’

काकांनी पेन्सिल घेतली. कंपनीची विक्री ३५ कोटी, आमची ४ कोटी २० लाख, म्हणजे १२ टक्के. वाटा २८ लाख ८० हजार. ५८ मधून तो गेला तर नफा २९ लाख २० हजार. तीच माणसं, तेच कॉम्प्रेसर, तीच तिमाही. ‘होतं असं,’ काका म्हणाले.

मला मुळात पट्टीच्या वरच्या ५८ लाखांशी मतलब आहे, कारण तेवढंच माझ्या हातात आहे. खालचं कुणीतरी वाटलेलं आहे. पण रिव्ह्यू मीटिंगमध्ये पडद्यावर झळकतं ते तळातलं लाल. त्याच मीटिंगमध्ये ‘हे युनिट ठेवायचं का’ असं एक वाक्य हवेत सोडून दिलं गेलं. तेच मी काकांना विचारलं : उद्या आम्ही बंद झालो, तर या ७२ लाखांतलं काय वाचेल?

त्यांनी बराच वेळ हिशेब केला. लॅपटॉप, सॉफ्टवेअरची लायसन्सं, मोबाइल बिलं, फार तर १० लाख. ऑडिट राहणार, ड्रायव्हर राहणार, कॅन्टीनही राहणार. म्हणजे १० लाख वाचवायला ५८ लाख सोडायचे. कंपनीला ४८ लाखांचा खड्डा.

‘आणि उरलेले ६२ लाख?’

‘ते दुसऱ्या डिव्हिजनांवर जातील.’

‘मग त्यांतली एखादी तोट्यात जाईल.’

‘जाईल की.’

‘मग तीही बंद?’

‘ते वरचे ठरवतील,’ काका म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

जाता जाता एक जखम आणखी. माझ्या आधीच्या साहेबांनी गेल्या वर्षी याच तिमाहीत ९ लाख नफा दाखवला होता. त्यांचा सत्कार झाला, बढती मिळाली. तो कागदही मी काकांकडून काढून घेतला. ‘इतर उत्पन्न’ या निरुपद्रवी ओळीत २१ लाख होते : वॉरंटीसाठी ठेवलेली तरतूद परत नफ्यात घेतलेली. आता एवढे कॉम्प्रेसर बिघडणार नाहीत, असं साहेबांनी लिहून दिलं होतं. ते वगळलं तर त्यांचाही १२ लाख तोटाच होता. कॉम्प्रेसरांनी मात्र ते पत्र वाचलेलं नसावं. ते यंदा बिघडले आणि त्यांच्या दुरुस्तीचे ६ लाख माझ्या खर्चात बसलेत. नफा त्यांचा, वंगण माझं. तेव्हापासून कुणाचाही नफा पाहिला की मी आधी ‘इतर उत्पन्न’ उघडतो.

वाटणीचा आधार बदला, असा मेल मी टाकला. वर्षाच्या मध्ये बदलला तर गेल्या वर्षाशी तुलना जमत नाही, पुढच्या बजेटला पाहू, असं उत्तर आलं. हेडकाउंटही १ एप्रिलचाच वर्षभर धरायचा. माझे दोघे मे महिन्यातच सोडून गेलेत, म्हणजे ३६ नव्हे, ३४. त्यातला एक आता स्पर्धकाकडे आहे. तिथे त्याला जेवण मिळतं की नाही ठाऊक नाही. आमच्याकडे मार्चपर्यंत त्याचं पान वाढलेलं आहे.