आडवा 12 आणि आमचे गुरुजी

माननीय शब्दकोडे संपादक,
सा. न. वि. वि.

आमच्या गावात तुमचा पेपर सकाळच्या एसटीनं येतो आणि स्टँडवरच्या हॉटेलात उतरतो. पुरवणी आधी रिटायर गुरुजींच्या हाती जाते. आलूबोंड्याची तर्री सांडायच्या आत कोडं माझ्याकडे आलं, तर तो दिवस माझा.

गेल्या वेळचा आडवा 12 आठवा. ‘सूर्य’, चार अक्षरे. खाली उतरणाऱ्या ‘दिशा’नं पहिल्या घरात ‘दि’ दिला, ‘कणीस’नं तिसऱ्यात ‘क’. म्हणजे प्रभाकर पहिल्याच घरात बाद, भास्कर तर तीनच घरांचा. मी बिनधास्त ‘दिनकर’ लिहिलं. गुरुजी म्हणाले, “काहून बा, दिवाकर नाही होत का?”

होतं ना! तिथंच तर घोडं अडलं. दोघांत फरक फक्त दुसऱ्या घराचा, ‘न’ की ‘वा’. त्या घराच्या वर काळा चौकोन, खाली काळा चौकोन. उभा शब्द जातच नाही, मग साक्ष कुणाची काढायची? शेवटच्या घराचीही तीच गत, पण तिथं दोन्हीकडे ‘र’च असल्यामुळे भांडण झालं नाही.

सोमवारी तुमचं उत्तर छापून आलं: दिवाकर. गुरुजी सोडतीत गेले, मी बाहेर. तेव्हापासून ते मला चहा पाजतात. हे सहन होत नाही.

दोन उत्तरांचं कोडं करूच नये, असं माझं म्हणणं नाही. 5 नोव्हेंबर 1996, अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान. न्यूयॉर्क टाइम्समध्ये जेरेमाया फॅरेल यांचं कोडं होतं. ‘उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी’ या सूत्राला क्लिंटनही बसत होते आणि बॉब डोलही; इंग्रजीत दोघांची अक्षरं सात-सात. पण त्या माणसानं सातही घरांतून असे उभे शब्द नेले, की ते दोन्ही बाजूंनी खरे ठरावेत. ‘हॅलोविनचा काळा प्राणी’: क्लिंटनचा सी भरला तर कॅट, बॉबचा बी भरला तर बॅट. याला म्हणतात दोन्ही पाहुण्यांना पाट मांडणं. तुम्ही एकाला पाट दिला आणि दुसऱ्याला ओट्यावर बसवलं.

तुम्हाला तर एवढाही खटाटोप नव्हता. दुसऱ्या घरातून ‘वानर’ खाली सोडला असता तरी भागलं असतं, वानरं आमच्याकडे रगड आहेत. जाळी हलवायची नसेल तर सूत्र बदलायचं. ‘सूर्य, नाट्यछटा लिहिणाऱ्याचं टोपणनाव’ म्हटलं की दिवाकर पक्का. ‘सूर्य, रामधारी सिंहांचं टोपणनाव’ म्हटलं की दिनकर. सोडतीत मला मागच्या दारानं घ्या, असं मी म्हणत नाही. घेतलंत तर नाही म्हणणार नाही.

आता आजचं. आडवा 7: ‘कमळ’, तीन अक्षरे. उभ्या शब्दानं शेवटचा ‘ज’ दिला आहे, आधीच्या दोन घरांत कुणी फिरकत नाही. पंकज, नीरज, सरोज, जलज यांपैकी तुमच्या मनात कोण आहे, तेवढं उलट टपाली कळवावं. गुरुजींनी पेनानं भरून टाकलंय आणि हातानं झाकून बसलेत.

आपला,
दिनकरवाला