मोदकात गूळ किती?

आमच्या रत्नागिरीच्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि लिफ्ट या विषयांवर कोणीही काहीही बोलावं, कोणी ऐकत नाही. मी मात्र गणपतीच्या आधीच्या सभेत ‘यंदा गोडात साखर कमी करूया’ म्हणून उभा राहिलो आणि पार्किंगमधल्या खुर्च्यांतली सगळी कुजबुज एकदम थांबली. एवढी शांतता आमच्याकडे श्रद्धांजलीलासुद्धा नसते.

‘‘देवाक काय आळणी निवेद दाखवूचो?’’ पहिल्या मजल्यावरच्या मालवणच्या आजी.

‘‘आळणी नाही हो आजी, थोडा कमी गोड.’’

‘‘आम्ही साखर घालतच नाही,’’ चौथ्या मजल्यावरचे काका अभिमानाने म्हणाले, ‘‘आमच्याकडे सगळं गुळाचं.’’

या वाक्याची मी वाटच बघत होतो. काका, गुळात थोडीफार खनिजं असतात हे मान्य, पण तो आला उसातूनच आणि त्यातली बहुतेक साखरच. रक्तात गेल्यावर तो ‘मी सेंद्रिय आहे’ असं सांगून वेगळ्या रांगेत उभा राहत नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या गुळाला नव्हे, कुळाला बोललो.

मग मी हिशोबावर आलो. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, हे घरोघरचं प्रमाण. वाटीत दीडशे ग्रॅम गूळ धरला आणि पंधरा मोदक झाले, तर एका मोदकात दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते आणि त्याच्या निम्मी असली तर आणखी बरी. म्हणजे पाच मोदकांत दिवस संपला. ‘‘पाच?’’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘पाच तर आरतीच्या आधीच होतात.’’

आता मुद्दा असा, की नुसता गूळ कमी केला तर फजिती होते. गूळ सारणाला गोडी देतो तसा चिकटाही देतो. पाऊण वाटीवर आलात आणि नेहमीइतकाच वेळ परतत बसलात, तर खोबऱ्याचा ओलावा उडतो, सारण भुसभुशीत होतं आणि पारीत भरताना सांडतं. म्हणून गॅस लवकर बंद करायचा. चिमूटभर सारण मुठीत दाबून बघायचं. गोळा राहिला आणि हाताला पाणी लागलं नाही, की झालं. खोबरं ताजंच हवं, पाठीचं तपकिरी न येऊ देता खवलेलं, म्हणजे त्याचीच गोडी पुढे येते. कणभर मीठ, वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. उकडताना खाली हळदीचं पान. त्या वासातच जीव अर्धा तृप्त होतो, गुळाची पाव वाटी कुठे गेली ते कोणी विचारत नाही.

आजी जरा पघळल्या. हळदीच्या पानावर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा जुना.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. ‘‘मग खोबऱ्याच्या वड्याही निम्म्या साखरेच्या करते!’’

मी अक्षरशः हात जोडले. वहिनी, वड्यांना हात लावू नका! तिथली साखर नुसती गोडीची नाही, ती वडी उभी धरते. पाक आटतो, गार होताना साखर घट्ट होते, म्हणून ताटात थापलेली वडी सुरीने सुटते. निम्मी साखर घातलीत तर वडी नाही, चमच्याने खायचा लगदा मिळेल. शिवाय ती साखरच खोबऱ्यातलं पाणी बांधून ठेवते. ते मोकळं राहिलं तर भाद्रपदातल्या आपल्या दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो. पाकातल्या रव्याच्या लाडवांचंही तेच. तिथे कृती बदलू नये, सुरी बदलावी: वडी होती तशीच करायची आणि निम्म्या आकाराची कापायची.

‘‘म्हणजे दोन खायच्या,’’ आजी म्हणाल्या.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेसनाचे लाडू मात्र तुपावर बांधले जातात, त्यात पिठीसाखर थोडी कमी चालते, एवढं सांगून मी माइक खाली ठेवला. काका अजून रुसलेले होते.

शेवटी सेक्रेटरींनी ठराव मांडला: मोदकांत गूळ पाऊण वाटी, वड्या लहान, अनारशांवर चर्चा पुढल्या वर्षी. पहिलं सारण जमलं की नाही ते ठरवायला एक चाखणी समिती नेमायची होती. नावं पटापट आली. एकजात सगळी मधुमेहवाली. अध्यक्ष काका.