बाजेवरच्या माणसाला ‘बँकेत घेऊन या’ म्हणणाऱ्यांबद्दल

माझे वडील ८४ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, आणि तेव्हापासून ते बाजेवर आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात, ते जिवंत आहेत एवढे सिद्ध करण्यासाठी, आम्ही त्यांना गादी टाकलेल्या पिकअप गाडीत निजवून तालुक्याच्या बँकेत नेले. आमच्या गावापासून ती १८ किलोमीटर आहे आणि त्यातला निम्मा रस्ता उखडलेला आहे. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, तरी दोन शेजारी काम सोडून आले, कारण मी आणि माझा भाऊ अशा दोघांनी बाबांना बाजेसकट उचलणे शक्य नव्हते. प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते. ही यातायात मुळात करण्याची गरजच नव्हती, हे मला दोन महिन्यांनी कळले, आणि तेव्हापासूनचा माझा संताप अजून शमलेला नाही.

बाबा केंद्र सरकारच्या खात्यात बोअरिंगच्या मशीनवर होते. निवृत्तिवेतन बँकेतून मिळते, आणि ते चालू राहावे म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. चालते-फिरते होते तोवर ते स्वतः जाऊन सही करून येत. त्यानंतरची दोन वर्षे जुन्या शाखाधिकाऱ्यांनी कर्मचारी घरी पाठवून काम भागवले. ते बदलून गेले. मी नव्या शाखेला फोन केला, वडील उठू शकत नाहीत, काय करावे, असे विचारले. उत्तर एका वाक्यात मिळाले : “त्यांना घेऊन या, पाहिल्याशिवाय होत नाही.” घरी कोणी येऊ शकेल का, असे विचारल्यावर घरपोच सेवा पाच किलोमीटरच्या आतच मिळते, असे सांगून फोन ठेवला गेला. वास्तविक सत्तरीच्या पुढच्या आणि आजारी, अपंग खातेदारांकडून हयातीचा दाखला त्यांच्या घरी जाऊन घेण्याची व्यवस्था करा, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजीच सर्व बँकांना कळवले आहे. त्या फोनवर मला हे माहीत असते तर मी गाडी ठरवलीच नसती.

बँकेत काय झाले, तेही सांगतो. बाबांना गाडीतून उतरवता येईना, म्हणून कर्मचारी अंगठ्याचे यंत्र घेऊन बाहेर आला. तीस वर्षे लोखंडी पाइप, ग्रीस आणि चिखल यांत काम केलेली ती बोटे. त्यांवर रेषा उरल्या आहेत कुठे? दहाही बोटे लावून झाली, यंत्र प्रत्येक वेळी नाही म्हणाले. तोवर बाबा गाडीतूनच म्हणाले, “जिता हाय ना मी, अजून काय पायजे त्यायले?” कर्मचाऱ्याने त्यांना डोळ्यांनी पाहिले होते, त्यांचा आवाज ऐकला होता, निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, म्हणजे पी.पी.ओ., आणि आधार कार्ड हातात धरले होते. छापील नमुन्यावर सही घेऊन दाखला तिथल्या तिथे स्वीकारता आला असता. पण “आता सगळे ऑनलाइन आहे, सेतू केंद्रात जा” असे सांगून त्याने आम्हाला परत पाठवले.

सेतू केंद्रात बुबुळ वाचणारे यंत्र होते आणि ते चालले. जीवन प्रमाण या डिजिटल हयातीच्या दाखल्याचा क्रमांक, म्हणजे प्रमाण आयडी, मिळाला, मोबाइलवर संदेश आला, आणि काम झाले असे समजून आम्ही संध्याकाळी घरी परतलो. ३१ डिसेंबरला निवृत्तिवेतन जमा झाले नाही.

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण माणसे फसतात ती इथेच. प्रमाण आयडी तयार होणे आणि दाखला स्वीकारला जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आयडी मिळाला याचा अर्थ एवढाच की आधारच्या यंत्रणेने माणूस ओळखला. त्यानंतर तो दाखला निवृत्तिवेतन देणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे आमच्या बाबतीत बँकेकडे, जातो आणि ती तो मान्य करते किंवा नाकारते. केंद्रचालकाने घाईघाईत बाबांना राज्य शासनाचे निवृत्त कर्मचारी म्हणून नोंदवले होते आणि वेतन देणारी संस्था म्हणून बँकेऐवजी कोषागार निवडले होते. आमच्या भागात त्याच्याकडे येणारे बहुतेक जण निवृत्त शिक्षक आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी, त्यामुळे त्याची बोटे सवयीने तिकडेच गेली असतील. पण त्यामुळे दाखला भलत्याच दारात गेला आणि बँकेच्या संगणकात बाबांच्या नावापुढे काहीच आले नाही. प्रमाणपत्राची प्रत jeevanpramaan.gov.in वरून काढता येते आणि तिच्यावर पी.पी.ओ. क्रमांक, खाते क्रमांक, मंजुरी देणारे कार्यालय आणि वेतन देणारी संस्था छापलेली असते. ती प्रत त्याच दिवशी हातात घेऊन ओळीने वाचली असती, तर चूक तिथेच सापडली असती. केंद्रचालकाने ती दिली नाही आणि मी मागितली नाही. बँकेकडून दाखला मिळाल्याचा संदेशही आला नाही, आणि तो यायला हवा असतो हे मला ठाऊक नव्हते.

जानेवारीत बाबांच्या औषधांचे आणि मूत्रनलिकेच्या नळ्यांचे पैसे मी सोयाबीनच्या पट्टीतून भरले. पुन्हा बँकेत गेलो. पुन्हा तेच : “घेऊन या.”

या वेळी मी नाही म्हटले आणि पोस्टात गेलो. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत डाकसेवक घरी येऊन हा दाखला ७० रुपयांत काढून देतात, त्यासाठी तिथे खाते असण्याची अट नाही, ही माहिती मला एका निवृत्त मास्तरांनी दिली. आमचा डाकसेवक भला माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी सायकलवर आला. अंगठा उमटणार नव्हताच. मग त्याने चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा प्रयत्न केला. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे आणि घरातल्या अँड्रॉइड मोबाइलवरही करता येते : आधी AadhaarFaceRD हे ॲप घ्यायचे, मग जीवन प्रमाणचे चेहऱ्याचे ॲप, प्रथम मदत करणाऱ्याने स्वतःचा आधार क्रमांक आणि चेहरा देऊन नोंद करायची, नंतर निवृत्त माणसाची माहिती भरून त्याचा चेहरा घ्यायचा. मास्तरांचे काम याच पद्धतीने घरबसल्या झाले होते, आणि ज्याला मान सरळ धरता येते त्याच्यासाठी यापेक्षा सोपा मार्ग नाही. पण समोरचा चेहरा जिवंत माणसाचा आहे, फोटो नव्हे, हे पाहण्यासाठी ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. बाबांचा डावा डोळा नीट मिटत नाही आणि मान एका बाजूला कलते. आम्ही बाज ओढून खिडकीपाशी उजेडात आणली, पाठीशी पांढरी चादर धरली, नेटवर्कसाठी डाकसेवक अंगणात उभा राहून फोन आत धरत होता. सहा वेळा प्रयत्न झाले. बाबा थकून रडायला लागले, तेव्हा मीच थांबा म्हटले. डाकसेवकाने पैसे घेतले नाहीत.

आणि मग मास्तरांनीच ती गोष्ट सांगितली, जी बँकेतल्या माणसाने पहिल्या फोनवर सांगायला हवी होती. केंद्राच्या नागरी निवृत्तांना बँकांमार्फत वेतन देण्याची जी योजना आहे, तिच्यातच लिहिले आहे की ठरावीक अधिकाऱ्यांपैकी कोणाच्याही सहीचा हयातीचा दाखला सादर केला, तर निवृत्त माणसाला स्वतः हजर राहण्यापासून सूट आहे. त्या यादीत राजपत्रित अधिकारी आहेत, तहसीलदार आणि नायब तहसीलदार आहेत, गटविकास अधिकारी आहेत, पोस्टमास्तर आहेत, ठाण्याचा प्रभारी पोलीस उपनिरीक्षक आहे. आणि त्या यादीत ग्रामपंचायतीचा प्रमुख आहे! आमचे सरपंच आमच्या घरापासून चार घरे पलीकडे राहतात.

दाखल्याचा नमुना त्या योजनेच्या परिशिष्ट १७ मध्ये आहे आणि तो फार तर चार ओळींचा आहे : अमुक पी.पी.ओ. क्रमांकाच्या निवृत्त व्यक्तीला मी पाहिले असून ती आजच्या तारखेला हयात आहे. सरपंच घरी आले, बाबांशी बोलले, बाबांनी उजव्या हाताने सही केली, सरपंचांनी आपली सही, नाव, पदनाम, तारीख आणि ग्रामपंचायतीचा शिक्का दिला. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. दोन महिन्यांची वणवण, गाडीचे भाडे, एका आजारी माणसाचे हाल, आणि उत्तर चार घरांवर होते.

बँकेने तो कागदही आधी घेतला नाही. “सरपंचाचे चालत नाही” असे काउंटरवरून सांगण्यात आले. मी योजनेतल्या त्या पानाची प्रत पुढे ठेवली आणि म्हटले, चालत नसेल तर तसे लेखी द्या. लेखी द्यायला कोणी तयार नव्हते. अर्ध्या तासाने शाखाधिकाऱ्यांनी कागद घेतला. मी पोच मागितली, कारण हयातीचा दाखला घेतल्यावर सहीनिशी पोच देणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे; तीही मागितल्यावरच मिळाली. पुढच्या महिन्यात थकबाकीसह रक्कम जमा झाली.

मला राग नियमाचा नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने वेतन जाऊ नये, हे मलाही पटते. राग याचा आहे की नियम बनवणाऱ्यांनी बाजेवरच्या माणसाचा विचार करून ठेवलेला असताना, काउंटरवरचा माणूस तो वाचत नाही, आणि न वाचताच ठामपणे नाही म्हणतो. डिजिटल दाखल्यांच्या मोहिमा २०२२ मध्ये ३७ शहरांत, २०२३ मध्ये १०० शहरांत झाल्या, त्या वाढतही गेल्या. पण शिबिर शहरात भरते आणि बाज गावात असते. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो आणि तो पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, हेसुद्धा आम्हाला शाखेतल्या कोणी सांगितले नाही, आणि तिथल्या फलकावर कर्जाच्या जाहिराती होत्या. (राज्य शासनाच्या निवृत्तांची यादी कोषागाराकडून बँकेत येते आणि तिच्यावर सही करावी लागते, त्यांनी सूट आपल्या कोषागारात विचारावी, वरची यादी केंद्राच्या योजनेतली आहे.)

काल शेजारच्या गावातून एका मुलाचा फोन आला. त्याच्या आईचे खुब्याचे हाड मोडले आहे, वडील केंद्राच्या नोकरीत होते, तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि त्याच शाखेने त्याला सांगितले आहे : “घेऊन या.” मी त्याला गाडी ठरवू नको म्हणून सांगितले आहे. उद्या सकाळी नमुन्याच्या दोन प्रती आणि योजनेचे ते पान घेऊन मी त्यांच्या सरपंचांकडे जाणार आहे, आणि तिथून त्या मुलासोबत बँकेत. पोच हातात पडेपर्यंत आम्ही दोघेही काउंटरवरून हलणार नाही.